जिन्यासाठी आणि बाहेरच्या भिंतींसाठी शांत रंग: मुलुंडमधल्या एका सोसायटीला दिलेलं पत्र

मुलुंड पूर्वेतली ही इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची. दोन विंग, तीस सदनिका, लिफ्ट नाही. बांधकाम ऐंशीच्या दशकातलं. मोठी दुरुस्ती काढायचं सर्वसाधारण सभेत ठरलेलं होतं, सल्लागार नेमला होता, निविदा उघडून ठेकेदारही ठरला होता. ऑक्टोबरपासून परांची बांधून गिलाव्याची दुरुस्ती चालू होती आणि रंगकाम मार्च-एप्रिलमध्ये व्हायचं होतं, कारण मुंबईत बाहेरचं रंगकाम जूनच्या आत संपवावंच लागतं. जानेवारीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासद बाईंनी समितीला रंगांबद्दल पत्र द्यायचं ठरवलं आणि मसुदा माझ्याकडे आणला. इमारतींच्या दुरुस्तीची देखरेख हे माझं काम आहे, त्यामुळे अशी पत्रं मी बरीच पाहिली आहेत. बहुतेक पत्रांचं उत्तर ‘विचार करू’ एवढंच येतं. या पत्रावर काम झालं. ते का झालं, आणि पत्रात नेमकं काय होतं, ते सविस्तर लिहितो.

आधी काय होतं

जिन्यात खालच्या साडेचार फुटांपर्यंत मरून तेलरंग, त्यावर छतापर्यंत लिंबासारखा पिवळा डिस्टेंपर. उजेडासाठी प्रत्येक चौकावर सिमेंटची जाळी, आणि ती समोरच्या इमारतीकडे तोंड करून, त्यामुळे उजेड येतो तो उसना. भर दुपारी ट्यूब लावावी लागायची. तेलरंगाला चकाकी असल्याने त्या ट्यूबची लांबट तिरीप प्रत्येक वळणावर डोळ्यांवर यायची. बाहेरून इमारत नारिंगी, बाल्कन्यांच्या पट्ट्या जांभळ्या. पश्चिमेकडची जांभळी पट्टी विटून राखाडी झाली होती, तर उत्तरेची अजून जांभळीच होती. मधल्या काळात गळतीसाठी जिथे जिथे ठिगळं मारली, तिथे नव्या जांभळ्याचे चौकोन दिसत होते.

बाईंच्या घरात दोन कारणं होती. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे चकाकीचा त्रास आणि पायरीची कड न दिसण्याची भीती. मुलगा स्वमग्न आहे, आणि जिन्यातून जाताना तो डोळ्यांवर हात धरून चालायचा. त्यांच्या पहिल्या मसुद्यात साहजिकच हे सगळं होतं. त्याचबरोबर ‘सध्याचे भडक आणि अभिरुचीहीन रंग’ असेही शब्द होते, आणि ‘निळ्या-हिरव्या रंगांनी मन शांत होतं’ असा एक परिच्छेद.

हे दोन्ही काढायला मी सुचवलं. आधीचे रंग ज्यांनी निवडले, ते अण्णा अजून समितीवर आहेत. त्यांच्या निवडीला नावं ठेवणारं पत्र वाचून समितीतले बाकीचे लोक त्यांची बाजू घेणार, आणि चर्चा रंगांवरून माणसांवर जाणार. निळ्या-हिरव्याचा परिच्छेद काढला तो वेगळ्या कारणाने. कुठला रंग मनाला काय करतो यावर सभेत तीस सदनिकांची तीस मतं निघतात, आणि कुणाचंच खोडता येत नाही. शिवाय डोळ्यांना त्रास होतो तो निळा की पिवळा यापेक्षा रंग किती तीव्र आहे, शेजारच्या रंगाशी किती टक्कर घेतो आणि पृष्ठभाग किती चकाकतो यामुळे. मंद पिवळाही शांत असतो आणि झगझगीत निळाही त्रासदायक होतो. म्हणून पत्रासाठी ‘शांत’ शब्दाचा अर्थ आम्ही या तीन गोष्टींपुरताच ठेवला: तीव्रता कमी, लगतच्या रंगांतला फरक कमी, चकाकी कमी.

घरातलं कारण मात्र एक-दोन वाक्यांत ठेवलं. ते खरं होतं आणि लपवण्यासारखं नव्हतं. पण सगळी मागणी त्यावर उभी केली असती, तर ती एका घराची सोय ठरली असती.

पत्राला जागा कुठे मिळाली

समितीकडे जाण्याआधी आम्ही निविदेची प्रत मागून घेतली. रंगकामाच्या बाबीत लिहिलं होतं: भेगा भरून, एक हात प्रायमर आणि दोन हात ॲक्रिलिक एक्स्टीरियर इमल्शन, ‘मान्य शेडमध्ये’. जिन्यासाठीही तसंच, फक्त खाली तेलरंग आणि वर डिस्टेंपर. जवळजवळ प्रत्येक निविदेत ‘मान्य शेड’ एवढंच असतं. शेड कोण मान्य करणार, कधी, कशावरून, हे कुणी लिहीत नाही. मग रंगकाम सुरू व्हायच्या आठवड्यात ठेकेदार शेडकार्ड आणि इमारतीच्या फोटोवर संगणकाने रंगवलेली तीन-चार चित्रं घेऊन येतो, समिती अर्ध्या तासात एक निवडते आणि पुढची आठ-दहा वर्षं सगळे त्यात राहतात.

मुंबईतल्या इतक्या इमारती नारिंगी-जांभळ्या का होतात, याचं माझ्या मते हेच मुख्य कारण आहे. दोन इंची चौकटीत किंवा पडद्यावर मंद रंग निर्जीव दिसतो आणि तीव्र रंग उठून दिसतो. चार चित्रं शेजारी ठेवली की डोळा उठणारंच उचलतो. पण रंगाचं क्षेत्र वाढलं की तोच रंग अधिक तीव्र भासतो. कार्डावर छान वाटणारं लिंबू चार मजले उंच भिंतीवर अंगावर येतं. निवड करणाऱ्यांची अभिरुची कमी असते असं नाही, निवड करायची रीतच त्यांना त्या बाजूला ढकलते.

म्हणून पत्र देण्याची वेळ महत्त्वाची होती. खर्च आधीच मंजूर होता, कामाचा आदेश निघाला होता, पण शेड ठरली नव्हती. आता नव्या खर्चाची मागणी न करता फक्त त्या ‘मान्य शेड’मध्ये काय भरायचं ते सुचवायचं होतं. बाबीचं स्वरूप बदलणारी एकच गोष्ट होती, जिन्यातला तेलरंग, आणि तिचं कारण वेगळं द्यावं लागणार होतं.

पत्र

संस्थेचं नाव आणि सदनिकेचा क्रमांक वगळून पत्र असं होतं:

> मा. सचिव महोदय,
> सप्रेम नमस्कार.
>
> विषय: जिना व इमारतीच्या बाह्य भिंतींच्या रंगाबाबत सूचना.
>
> दुरुस्तीचे काम समितीने वेळेत आणि नेटाने चालवले आहे, याबद्दल आभार. रंगकामातील शेड अद्याप ठरलेल्या नाहीत, म्हणून पुढील सूचना समितीच्या येत्या सभेपुढे ठेवावी, ही विनंती. या सूचनेमुळे मंजूर खर्चात वाढ होऊ नये, असा प्रयत्न केला आहे.
>
> जिना: आपल्या जिन्यात दिवसाही दिवा लागतो. भिंतीचा वरचा भाग फिकट, उबदार पांढरटसर करावा. खालच्या पट्ट्यासाठी त्याच रंगाची दोन पायऱ्या गडद छटा घ्यावी. खालच्या पट्ट्याला चकाकी असलेल्या तेलरंगाऐवजी धुता येणारे, मंद चकाकीचे इमल्शन वापरावे. छत पांढरे. कठड्याचा हातधरा गडद तपकिरी. प्रत्येक पायरीच्या कडेवर दोन इंची, स्पष्ट दिसणारी, न घसरणारी पट्टी.
>
> बाह्य भिंती: मुख्य भिंतीसाठी मध्यम फिकट, मातकट राखाडी छटा. बाल्कन्यांच्या पट्ट्या व सज्जे त्याच कुळातील थोडे फिकट. जमिनीपासून तीन फूट गडद राखाडी. सांडपाण्याचे पाइप ज्या भिंतीवर आहेत त्या भिंतीच्याच रंगाचे.
>
> प्रवेशद्वाराची भिंत व नामफलक सध्याच्या मरून रंगातच ठेवावा, म्हणजे इमारतीची ओळख कायम राहील.
>
> निर्णय शेडकार्डावरून न घेता भिंतीवर नमुने रंगवून व ते सर्व सभासदांना पाहू देऊन घ्यावा. नमुन्यांची जागा व पद्धत सोबतच्या पानावर दिली आहे.
>
> माझ्या घरी वृद्ध सासूबाई व लहान मुलगा आहे. दोघांनाही चकाकी व तीव्र रंगांचा त्रास होतो. इमारतीतील इतर ज्येष्ठांनाही याचा उपयोग होईल असे वाटते.
>
> आपली विश्वासू,
> सभासद

पत्राच्या दोन प्रती केल्या. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतला. तोंडी बोलण्यावर राहिलं असतं तर ठेकेदाराची चित्रं आल्यावर विषय बाजूला पडला असता. शिक्का असल्यामुळे सचिवांना तो सभेच्या विषयपत्रिकेवर घेणं भाग पडलं.

जिन्याचं गणित

समितीत पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच आला: ‘वहिनी, फिका रंग महिन्यात मळेल.’ उत्तरासाठी सोबतच्या पानावर एकच आकडा घेतला होता. प्रत्येक शेडला एक प्रकाश-परावर्तनाचा आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. तो शून्यापासून शंभरापर्यंत जातो आणि बहुतेक कंपन्यांच्या शेडकार्डामागे किंवा संकेतस्थळावर मिळतो. मरूनचा आकडा साधारण आठ होता, सुचवलेल्या वरच्या शेडचा सत्तर.

जाळीतून आलेला उजेड एका भिंतीवर पडतो, तिथून दुसरीवर जातो, मग पायरीवर. शंभर भाग उजेड मरून भिंतीवर पडला तर आठ भाग परत येतो, आणि दुसऱ्या मरून भिंतीवरून उसळल्यावर एक भागही उरत नाही. सत्तरच्या भिंतीवरून सत्तर परततो, दुसरीवरून एकोणपन्नास. जिन्यासारख्या अरुंद जागेत उजेड असाच उसळत खाली पोचतो, म्हणून तिथे भिंतीचा आकडा दिव्याइतकाच महत्त्वाचा असतो. सगळ्या भिंती मरून नव्हत्या हे खरं, पण साडेचार फुटांचा पट्टा म्हणजे नेमकी पायरीलगतची भिंत.

मळण्याचं उत्तर जागेत आहे. जिन्यातला मळ सगळ्या भिंतीवर सारखा बसत नाही. हात घासतात, सिलिंडर आणि कपाटं चढवताना कोपरे लागतात, सायकलचं हँडल टेकतं, हे सगळं साडेचार फुटांच्या आत. म्हणून खालचा पट्टा हवाच, फक्त तो वरच्याच्या कुळातला असावा. आम्ही पट्ट्यासाठी सुमारे ४५ आकड्याची मातकट छटा सुचवली. मधल्या छटा मळ सर्वांत जास्त लपवतात. खूप फिक्यावर काळे डाग दिसतात आणि खूप गडदवर पांढरे ओरखडे, धूळ आणि लोणा दिसतो. मरूनवर हे पांढरे फराटे किती आहेत, ते अण्णांना जिन्यात नेऊन दाखवलं आणि तो मुद्दा तिथेच मिटला.

तेलरंगाचा मुद्दा थोडा अवघड होता. ‘तेलरंग पुसता येतो’ ही पक्की समजूत आहे, आणि ती चुकीची नाही. अडचण दुसरीकडे आहे. ब विंगमध्ये डक्टला लागून असलेल्या भिंतीवर पट्ट्याला फोड आले होते. तेलरंगाचा थर वाफ बाहेर पडू देत नाही. भिंतीत ओल असेल तर ती थराच्या मागे साचते, क्षार वर येतात आणि रंग फुगून सुटतो. ॲक्रिलिक इमल्शनही ओल्या भिंतीवर टिकत नाही, पण त्यातून थोडी वाफ निघून जाते, आणि धुता येणाऱ्या प्रकारात ते साबणाच्या पाण्याने पुसताही येतं.

ओल कुठून येते हे मात्र आधी पाहावं लागतं. त्यासाठी दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावला आणि दिवसभर ठेवला. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले, म्हणजे ओल भिंतीतून येत होती. थेंब फक्त बाहेरून असते तर ती हवेतली दमटी ठरली असती. दुसऱ्या मजल्यावर आतून थेंब निघाले, आणि डक्टमधला जुना बिडाचा पाइप सांध्यात गळत होता असं आढळलं. सोबतच्या पानावर हे आम्ही मुद्दाम स्पष्ट लिहिलं होतं, की रंग बदलल्याने गळती थांबणार नाही. पाइप बदलून भिंत वाळेपर्यंत तेवढा भाग रंगवू नये, असंही तिथेच नोंदवलं. रंगाच्या नावाखाली ओल झाकली की वर्षभरात सगळ्यांचा विश्वास त्या शेडवरून उडतो, शेडचा दोष नसतानाही.

जिथे फरक हवाच

शांत रंग म्हणजे सगळं एकाच छटेत विरघळवणं, असा समज होतो, आणि जिन्यात तो धोक्याचा आहे. पायऱ्या कोटा फरशीच्या, हिरवट राखाडी. उतरताना एका पायरीची कड खालच्या पायरीच्या सपाटीत मिसळते, आणि मोतीबिंदू असलेल्या माणसाला तिथे सलग उतार दिसतो. म्हणून भिंतींमधला फरक कमी केला आणि पायरीची कड, हातधरा व दारांचे क्रमांक यांचा फरक वाढवला. सुलभ इमारतींच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लगतच्या दोन पृष्ठभागांच्या परावर्तनात साधारण ३० अंकांचा फरक ठेवावा असं सांगितलेलं असतं. कोट्याचा आकडा तीसच्या आसपास धरून कडेची पट्टी फिकट पिवळसर निवडली.

ही पट्टी साध्या रंगाची मारली तर चपलांनी काही महिन्यांत निघून जाते आणि ओल्या पायाखाली घसरतेही. म्हणून वाळूचे कण मिसळलेला, दोन घटकांचा इपॉक्सी रंग घ्यावा लागला. अख्ख्या प्रस्तावात खर्च वाढवणारी एवढी एकच बाब होती, आणि ती समितीने देखभालीच्या खात्यातून केली. अग्निशामक सिलिंडर आणि त्यामागची लाल पाटी जशीच्या तशी ठेवायला सांगितलं. काही ठिकाणी रंगारी हौसेने त्यावरूनही हात फिरवतात.

बाहेरच्या भिंतींचं कारण वेगळं

बाहेर चर्चा वेगळ्या अंगाने गेली. काहींना पांढरीशुभ्र इमारत हवी होती. मुलुंडसारख्या ठिकाणी समोरची इमारत वीस फुटांवर असते. पांढऱ्या भिंतीवर दुपारचं ऊन आपटून समोरच्यांच्या घरात जातं, आणि आपल्या भिंतीवर पहिल्याच पावसाळ्यात काळे ओघळ दिसतात. पाऊस मुख्यतः नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजू भिजतात. उत्तर बाजू उन्हाअभावी उशिरा वाळते, तिथे शेवाळ धरतं. ५५ ते ६० आकड्याची मातकट राखाडी छटा ओघळही सावरून घेते आणि ऊनही फार उडवत नाही.

ओघळांची जागा बघितली तर ते बहुतेक सज्जाच्या टोकाखाली आणि एसीच्या लोखंडी कंसाखाली होते. सज्जाच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच नव्हती, त्यामुळे पाणी सज्जाखालून वाहत भिंतीवर येत होतं. गिलाव्याचं काम चालूच होतं, म्हणून ठेकेदाराने नव्या सज्जांना खाच काढून दिली. हे पत्रात नव्हतं. नमुने बघायला परांचीवर चढल्यावर लक्षात आलं.

रंग विटण्याबद्दल समितीला जे सांगितलं, ते मला या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी वाटतं. तीव्र नारिंगी, जांभळा, लालबुंद या छटा मुख्यतः सेंद्रिय रंगद्रव्यांनी साधल्या जातात, आणि त्यांतली बरीच उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतात. मातकट छटा गेरू आणि पिवडीच्या कुळातल्या लोहाच्या रंगद्रव्यांनी बनतात. ती खनिजं आहेत आणि उन्हाला दाद देत नाहीत. म्हणूनच शेडकार्डावर काही तीव्र छटांपुढे ‘बाहेरच्या वापरासाठी नाही’ अशी खूण असते. ती खूण बघायची सवय लावली पाहिजे. शिवाय गडद आणि तीव्र छटा पारदर्शक बेसमध्ये जास्त रंगद्रव्य घालून कराव्या लागतात, त्यामुळे लिटरचा दर वाढतो आणि ठेकेदार ‘शेडफरक’ म्हणून वेगळी रक्कम मागू शकतो. सुचवलेल्या छटा पांढऱ्या बेसमध्ये बसणाऱ्या होत्या. कोषाध्यक्षांना हे लगेच पटलं.

जुना रंग नुसता विटला आहे की त्याची पकडही गेली आहे, हे तळहात भिंतीवर घासून कळतं. इथे पश्चिमेच्या भिंतीवर हाताला पिठासारखी पूड लागली. अशा भिंतीवर थेट नवा रंग मारला तर तो पुडीला चिकटतो, भिंतीला नाही. धुऊन, घासून, प्रायमर मारूनच पुढे जायचं, हे सल्लागाराने लेखी घेतलं.

नमुने, आणि तिथे झालेला घोळ

समितीने फेब्रुवारीत नमुन्यांना मान्यता दिली. बाहेर तीन छटा आणि जिन्यात दोन. पहिल्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने नारिंगी भिंतीवरच तीन फुटांचे चौकोन मारले. संध्याकाळी तक्रारी आल्या. मातकट राखाडी ‘शेवाळलेली’ दिसते, निळसर दिसते, मेलेली दिसते. लोक चूक बोलत नव्हते. तीव्र नारिंगीच्या मधोमध ठेवलेली कुठलीही मंद छटा त्याच्या उलट दिशेला, म्हणजे निळसर-हिरवट भासते. कार्डावरून मळकी दिसणारी छटा इथे आणखी मळकी दिसते. अण्णा म्हणाले, ‘बघा, मी म्हणत नव्हतो?’

दुसऱ्या दिवशी त्याच चौकोनांभोवती फूटभर रुंद पांढरा प्रायमर मारून घेतला, चौकोन पाच फुटांपर्यंत वाढवले, आणि दोन हात पूर्ण करून एक रात्र वाळू दिले, कारण ओल्या आणि वाळलेल्या इमल्शनची छटा वेगळी दिसते. एक नमुना पूर्वेला, एक पश्चिमेला. मग आठ दिवस ते तसेच ठेवले आणि वॉचमनच्या टेबलावर वही ठेवली. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिव्यात बघून लिहा, असं वहीवर लिहिलेलं होतं. ‘शेवाळलेली’ हा शब्द वहीत पुन्हा आला नाही.

जिन्यात रात्रीच्या पाहणीतून एक गोष्ट निघाली. दिवसा उबदार दिसणारी पांढरट छटा ट्यूबखाली करडी-हिरवट दिसत होती. ट्यूब ६५०० केल्विनच्या, निळसर पांढऱ्या होत्या. एका चौकावर ४००० केल्विनची ट्यूब लावून पाहिली तर भिंत दिवसासारखी दिसली. छटा बदलण्याऐवजी जुन्या ट्यूब बिघडतील तशा ४००० च्या बसवायच्या असं ठरलं. आधी दिवे आणि मग छटा ठरवणं जास्त बरं, पण काम चालू असताना तेवढी सवड नव्हती.

बाहेरच्या तीन छटांपैकी समितीने आमची पहिली पसंती घेतली नाही, एक पायरी फिकट घेतली. मला ती ओघळांच्या दृष्टीने थोडी फिकट वाटते. पण निर्णय वहीतल्या नोंदींवरून झाला होता, आणि सर्वसाधारण सभेपुढे ठेवताना कुणी हात वर करून विरोध केला नाही.

अंमलबजावणी

जिन्याच्या दोन्ही विंगची रंगवायची भिंत मिळून सुमारे चार हजार चौरस फूट होती. दोन हातांना लिटरमागे शंभर चौरस फूट धरले तर चाळीस लिटर, त्यातले सोळा-सतरा पट्ट्यासाठी. बाहेर सुमारे बावीस हजार चौरस फूट, आणि खडबडीत गिलाव्यावर लिटरमागे पन्नासच धरावे लागतात, म्हणजे वीस लिटरच्या बावीस बादल्या. यंत्रावर मिसळलेली शेड दर बादलीत किंचित वेगळी येते. म्हणून एका बाजूची भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच बॅचच्या बादल्यांतून करायची, आणि वापरण्याआधी तीन-चार बादल्या मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घ्यायच्या, असं ठेकेदाराला लिहून दिलं. हे पाळलं नाही तर फिकट छटेत जोड स्पष्ट दिसतो. पश्चिमेच्या तिसऱ्या मजल्यावर एका ठिकाणी तो दिसलाच, आणि तेवढी पट्टी पुन्हा मारून घ्यावी लागली.

खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या प्रत्येकाच्या स्वतःच्या. सोबतच्या पानावर त्यांच्यासाठी पांढरा किंवा गडद राखाडी अशी विनंती होती, सक्ती नव्हती. तीसपैकी काहींनी मानली, काहींच्या जाळ्या अजून हिरव्या-निळ्या आहेत. समितीने त्यावर वाद काढला नाही हे मला योग्य वाटतं. जाळ्यांवरून भांडण पेटलं असतं तर भिंतींचा निर्णयही अडकला असता.

पाइप भिंतीच्या रंगाचे केल्यामुळे पूर्वेची बाजू सर्वांत जास्त बदलली. पूर्वी जांभळ्या पट्ट्यांवरून काळे पाइप चढत होते आणि नजर त्यांच्याच मागे जायची. प्रवेशद्वाराची मरून भिंत राहिली. अण्णांनी तिथला नामफलक स्वतः उभं राहून रंगवून घेतला.

पावसाळ्यानंतरची तपासणी ऑक्टोबरमध्ये झाली. पश्चिमेला एसीच्या चार कंसांखाली गंजाचे ओघळ आले होते. सज्जांखाली आले नव्हते. डक्टच्या भिंतीवर दुसऱ्या मजल्याचा राखून ठेवलेला तुकडा प्लास्टिकच्या कागदाने पुन्हा तपासला, आतून कोरडा निघाला, आणि मग रंगवला. जिन्यात पट्टा पुसून निघतो, पण तळमजल्याच्या वळणावर, सायकली टेकतात तिथे, कोपरा खरवडला गेला आहे. तिथे रंगाने भागणार नाही, कोपऱ्यावर संरक्षक कोन बसवावा लागेल. पायरीच्या कडांपैकी तळमजल्याच्या पहिल्या तीन पायऱ्यांची पट्टी झिजायला लागली आहे.

समितीने सगळ्या शेडचे क्रमांक, बॅच, प्रायमरचा प्रकार आणि कुठे काय मारलं याचं एक पान करून देखभालीच्या फाइलला लावलं, आणि प्रत्येक छटेचा थोडा रंग बंद डब्यात गच्चीवरच्या खोलीत ठेवला. डब्यांवर तारीख आहे. उघडलेलं इमल्शन फार वर्षं टिकत नाही, त्यामुळे पुढच्या ठिगळासाठी आधी पानावरचा क्रमांक बघायचा आणि त्यावरून नवा रंग मिसळून घ्यायचा, असं सचिवांनी वॉचमनला आणि प्लंबरला सांगून ठेवलं आहे.